मिनिट बुकातली ‘३३अ’ची पाने थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची म्हणून लहान खासगी कंपन्यांचे ऑडिट सध्या घाईत उरकले जात आहे. जमाखर्चाच्या वह्या बहुधा तयार असतात, मिनिट बुक नसते. ‘साहेब, सह्या काय, उद्या करून देतो’ हे वाक्य मी दर वर्षी ऐकतो. या सह्यांवर आणि पान क्रमांकांवर आम्ही का अडून बसतो, ते संचालकांना कळावे म्हणून हे पत्र.

लहान कंपनीला कायद्याने बऱ्याच सवलती दिल्या आहेत. संचालक मंडळाची बैठक कॅलेंडर वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत एक झाली आणि दोन बैठकांमध्ये किमान ९० दिवसांचे अंतर असले, तरी पुरते. मिनिट बुकातून मात्र सूट नाही. बैठक संपल्यापासून ३० दिवसांत तिचे इतिवृत्त वहीत उतरले पाहिजे. प्रत्येक पानावर अध्यक्षाची छोटी सही आणि शेवटच्या पानावर तारखेसह पूर्ण सही हवी. मंडळाच्या बैठकीच्या इतिवृत्तावर त्याच बैठकीचा किंवा पुढच्या बैठकीचा अध्यक्ष सही करू शकतो. सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तावर मात्र त्याच सभेच्या अध्यक्षाने ३० दिवसांत सही करायची असते. दोन्हींच्या वह्या वेगळ्या ठेवायच्या.

पान क्रमांक सलग हवेत. वही बदलली किंवा वर्ष बदलले तरी क्रम तुटता कामा नये. एखादे पान कोरे राहिले तर त्यावर आडवी रेघ मारून अध्यक्षाने छोटी सही करायची. टाइप केलेला कागद वहीत डकवायला कायद्याची मनाई आहे. सुटी पाने वापरता येतात, पण ती वेळोवेळी बांधून घ्यावी लागतात. घोळ बहुतेक या सुट्या पानांतच होतो.

एका वर्कशॉपचे उदाहरण देतो. दोन भाऊ संचालक. कंपनीने बँकेकडून २५ लाखांची कर्जमर्यादा घेतली होती. बँकेच्या फाइलमध्ये १२ जूनच्या बैठकीतल्या ठरावाची, ‘खरी नक्कल’ म्हणून सही केलेली प्रत होती. मिनिट बुकात २० एप्रिलची बैठक पान ३१ ते ३३ वर होती आणि ५ सप्टेंबरची बैठक पान ३४ वर सुरू होत होती. म्हणजे ज्या ठरावाची नक्कल बँकेला दिली, तो मूळ वहीत नव्हताच. हा अधिकार आधी कुणाकडे सोपवलेला नसेल, तर कर्ज घेण्याचा ठराव मंडळाच्या बैठकीतच व्हावा लागतो; कागद फिरवून सह्या घेतल्याने भागत नाही.

धाकटे बंधू म्हणाले, “मध्ये एक ३३अ पान घालू, जूनची तारीख टाकू.” मी नाही म्हणालो. मागची तारीख टाकलेले पान आम्हाला बहुतेक वेळा ओळखू येते. पाच महिन्यांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच दमात केलेल्या दिसतात. जूनच्या इतिवृत्ताच्या मथळ्यावर ऑगस्टमध्ये बदललेला नोंदणीकृत पत्ता छापलेला असतो. हजर दाखवलेला संचालक त्या दिवशी परदेशात असतो आणि त्याच्या प्रवासखर्चाचे व्हाउचर आमच्याच हातात असते. इतिवृत्तात फेरफार केल्याचे सिद्ध झाले तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार ते एक लाख रुपये दंड आहे. उशिराच्या चुकीला कंपनीस २५ हजार आणि जबाबदार अधिकाऱ्यास ५ हजार दंड आहे. पाच हजारांची चूक झाकायला कैदेची जोखीम घेऊ नका, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

मग विचारले, १२ जूनला बैठक खरोखर झाली होती का? ती झाली असती, तर इतिवृत्त उशिरा का होईना वहीत आले असते, पण नोंदीची आणि सहीची तारीख आजचीच पडली असती. थोरल्या भावांनी प्रामाणिकपणे सांगितले की बैठक झालीच नव्हती. बँकेने मसुदा दिला आणि दोघांनी सह्या केल्या. तेव्हा उपाय एकच होता. नवी बैठक बोलवायची, कर्ज ठरावाविना घेतले गेले हे स्पष्ट लिहायचे, त्याला मंजुरी द्यायची आणि बँकेला तसे कळवायचे. ती बैठक झाली आणि इतिवृत्त पुढच्या कोऱ्या पानावर, ३७ वर, त्याच दिवसाच्या तारखेने लिहिले गेले. अहवालात याचा उल्लेख करावा लागेल का, हा विचार मला स्वतंत्रपणे करावा लागला.

तेव्हापासून मी अहवालावर सही करतो त्या दिवसापर्यंतची सगळी इतिवृत्ते वाचतो आणि सही झालेल्या शेवटच्या पानाचा क्रमांक माझ्या कागदांत टिपून ठेवतो. पुढच्या वर्षीचे वाचन त्याच्या पुढच्या पानापासून सुरू होते.

आपला,
एक सनदी लेखापाल, सांगली