किटवर सुकण्याचा वेळही छापा

माननीय संपादक,

गणपती जवळ आले की 'घरच्या घरी शाडूची मूर्ती' अशी किट ऑनलाइन विकायला येतात. गेल्या वर्षी भाचीसाठी मी असेच एक मागवले. माहितीत लिहिले होते: माती, रंग, ब्रश, नवशिक्यांसाठी सोपे, वेळ दोन तास. हे वाचून चतुर्थीच्या तीन दिवस आधी आम्ही मूर्ती करायला बसलो.

डब्यात निघाली एक किलो कोरडी पूड. ती चाळून, भिजवून, मळून हाताला चिकटेनाशी होईपर्यंतच तास गेला. मळल्यावर ती जेमतेम सव्वा किलो भरली. चित्रातली मूर्ती आठ इंचांची होती, आमची मात्र सहा इंचांतच संपली. उंची सहाची आठ करायची तर रुंदी आणि जाडीही वाढते, त्यामुळे माती दुपटीहून जास्त लागते. म्हणून मातीचे वजन, ती कोरडी आहे की मळलेली, आणि तेवढ्यात किती इंचांची मूर्ती होते, या तिन्ही गोष्टी एकत्र छापायला हव्यात. निव्वळ वजन तर ऑनलाइन विक्रीच्या पानावरही देणे नियमाने बंधनकारक आहे.

पण खरा घात वेळेने केला. दोन तास हा फक्त हाताने घडवण्याचा वेळ. भरीव मूर्ती भाद्रपदातल्या दमट हवेत सुकायला पाच ते आठ दिवस घेते, आणि रंग त्यानंतरच. आम्ही घाईने पंख्याखाली ठेवली. वरचा थर आधी सुकून आकसला, आत ओल राहिली, आणि सकाळी मानेभोवती चीर दिसली. भाची रडवेली होऊन म्हणाली, "मामा, बाप्पाची मान तुटणार का?" डोके जोडताना दोन्ही बाजू खरवडून मध्ये पातळ मातीचा लेप द्यायचा असतो, हे आम्हाला त्या दिवशी कळले. सोबतच्या कागदावर त्याचा उल्लेखच नव्हता. सोंड आणि हात साच्याशिवाय जोडायचे असतील तर ते काम 'सोपे' नाही. ज्याने मातीत कधी हात घातला नाही त्याच्या सोबत जाणते कुणी लागते, असे स्पष्ट लिहावे.

घरचे काय लागेल तेही आधी कळावे: पाट, प्लास्टिकचा कागद, पाण्याची वाटी, काम थांबले की मूर्तीवर टाकायला ओले फडके, कोरण्यासाठी जुना चमचा किंवा आइस्क्रीमची काडी.

विक्रेत्यांनी 'घडवणे २ तास, सावलीत सुकवणे ५ ते ८ दिवस, रंगवणे १ तास' अशा तीन ओळी वेगळ्या द्याव्यात. सुकली की नाही ते कसे ओळखायचे, हेही लिहावे: ओली माती गडद दिसते आणि गालाला लावली तर गार लागते. यंदा आम्ही मूर्ती चतुर्थीच्या दहा दिवस आधी करायला घेणार आहोत.

— एक वाचक, डोंबिवली