अभ्यासातले दूध वेगळे, पिशवीतले वेगळे

संपादक महोदय,

कालच्या पुरवणीतला ‘ड’ जीवनसत्त्वयुक्त दुधाचा लेख वाचला. रोज दोन पेले पिशवीचे दूध घ्या आणि कमतरतेची काळजी सोडा, असा त्याचा एकंदर सूर. लेखात दिलेला दाखला खरा आहे, म्हणूनच हे पत्र लिहावे लागते आहे. दाखला खोटा असता तर एका ओळीत काम झाले असते.

दाखला दिल्लीच्या शाळकरी मुलांचा. 10 ते 14 वर्षांची मुले, 12 आठवडे, रोज 200 मिलिलिटर दूध. आणि शेवटी बहुतेकांची रक्तातली पातळी मिलिलिटरला 20 नॅनोग्रॅमच्या, म्हणजे पुरेशी मानल्या जाणाऱ्या रेषेच्या वर. हा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला आणि चांगला झाला. लेखात मुलांचे वय आले, आठवडे आले, दुधाचा पेला चित्रासकट आला. त्या पेल्यात ‘ड’ किती घातले होते, एवढे मात्र आले नाही. एका गटाच्या पेल्यात 600 युनिट होते आणि दुसऱ्याच्या पेल्यात 1000. तिसऱ्या गटाला साधे दूध होते आणि त्यांची पातळी जागची हलली नाही.

आता बाजारातली पिशवी उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचा. भारतीय मानकानुसार असे दूध लिटरमागे 5 ते 7.5 मायक्रोग्रॅम ‘ड’ बाळगते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे 40 युनिट, म्हणजे लिटरला 200 ते 300 युनिट आणि 200 मिलिलिटरच्या पेल्यात 40 ते 60. अभ्यासातल्या मुलांनी प्यायलेल्या पेल्यात याच्या दहा ते पंधरा पट होते, आणि तेही कमी मात्रेच्या गटात. दोन्हीला ‘ड जीवनसत्त्वयुक्त दूध’ हेच नाव असल्याने लेखकाने एकाचा निकाल दुसऱ्याच्या नावावर जमा केला. पाव चमचा औषधाचा गुण एका थेंबाला चिकटवावा, त्यातला हा प्रकार.

प्रौढ माणसाचा हिशेब मांडून दाखवतो. लेखातले दोन पेले म्हणजे 400 मिलिलिटर धरू. त्यातून दिवसाला 80 ते 120 युनिट मिळतात. सोयीसाठी 100 म्हणू. प्रौढांत रोजचे 100 युनिट रक्तातली पातळी ढोबळमानाने एका नॅनोग्रॅमने वाढवतात. ही वाढही लगेच होत नाही. रक्तात मोजतात ते 25-हायड्रॉक्सी रूप दोन-तीन आठवड्यांत निम्मे होते, त्यामुळे नवी पातळी स्थिरावायला साधारण तीन महिने जातात. तेव्हा ज्याचा अहवाल 9 आला आहे, त्याने तीन महिने न चुकता दोन पेले प्यायले तर अहवाल 10 च्या आसपास येईल. तपासणीच्या यंत्रात एवढा फरक तसाही पडतो, म्हणजे दूध लागू पडले की यंत्राने कौल बदलला हे कळणारही नाही. पातळी 20 वर न्यायची तर रोज 1100 युनिट हवेत, म्हणजे चार-साडेचार लिटर दूध. दुधाच्या जाहिरातीला हे कदाचित आवडेल. त्या माणसाच्या पोटाला आवडणार नाही.

डॉक्टर काय देतात ते शेजारी ठेवा. नेहमीचा उपचार म्हणजे आठवड्याला 60,000 युनिट, आठ आठवडे. बेरीज 4,80,000. दोन पेल्यांच्या वेगाने एवढे पोटात जायला 4,800 दिवस, म्हणजे तेरा वर्षे लागतील. हा हिशेबही दुधाला झुकते माप देणारा आहे, कारण शरीर रोजचे ‘ड’ रोज खर्च करत असते आणि तेरा वर्षांनी गाठीला काही साचलेले नसते. म्हणून झालेली कमतरता भरून काढणे हे दुधाचे काम नव्हे. उपचाराने वर आलेली पातळी पुन्हा घसरू नये यासाठी रोज जे लागते, त्यातला थोडा वाटा दूध उचलते. 600 युनिटची रोजची गरज धरली तर दोन पेल्यांतून तिचा साधारण सहावा भाग निघतो, आणि बाकीचे ऊन, मासे, अंडी किंवा गोळीतून यावे लागते.

मुलांच्या बाबतीत गणित थोडे उदार आहे. वजन कमी आणि सुरुवातीची पातळी खाली असली की तेवढ्याच युनिटांत वाढ जास्त मिळते. त्या दिल्लीच्या अभ्यासातही प्रौढांच्या ढोबळ हिशेबापेक्षा मुलांची पातळी बरीच अधिक वाढली होती. पण उदार म्हणजे किती? दुप्पट धरली तरी दोन पेल्यांनी दोन नॅनोग्रॅम. 18 वर असलेले मूल 20 ला टेकेल. 7 वर असलेले 9 ला येईल, आणि घरचे निर्धास्त होतील. खरी अडचण त्या निर्धास्तपणात आहे.

आणि ज्या वयात मुडदूस हमखास गाठतो त्या वयाला हे दूध पोचतच नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला वरचे दूध मुख्य पेय म्हणून द्यायचे नसते; त्यात लोह नगण्य असते. आईच्या दुधातही ‘ड’ फारच थोडे. म्हणून त्या वयात रोज 400 युनिटचे थेंब सांगतात. थेंब देताना बाटलीवर ‘400 युनिट’ कशात आहेत ते पाहावे: काही बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये असतात, काहींत एकाच थेंबात. दुसऱ्या प्रकारच्या बाटलीतून मिलिलिटरभर ओतले तर मात्रा कित्येक पटींनी चुकते. मुडदूस झालेलाच असेल, म्हणजे मनगटे रुंदावली, पाय वाकले, तर वर्षाच्या आतल्या बाळाला रोज 2000 युनिट आणि त्यावरच्या मुलांना 3000 ते 6000, किमान तीन महिने, आणि सोबत दिवसाला 500 मिलिग्रॅम कॅल्शियम अशी शिफारस आहे. एक्स-रेमध्ये हाडाच्या टोकाला नवी पांढरी रेघ दिसू लागली की उपचार लागू पडल्याचे कळते.

दुधाची खरी करामत त्या कॅल्शियममध्ये आहे, ‘ड’मध्ये नाही. लिटरभर दुधात साधारण 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, वरून काहीही न घालता. आहारात कॅल्शियम कमी असल्याने मुडदूस झालेल्या मुलाला दूध सुरू केल्यावर बरे वाटू लागते, आणि श्रेय पिशवीवरच्या ‘ड’ला जाते. लेखकाने हे दोन धागे एकातच वळून टाकले आहेत. असे दूध उकळले तरी त्यातले ‘ड’ बहुतेक टिकते, हे लेखातले विधान मात्र बरोबर आहे. साय काढून टाकली तर तिच्याबरोबर काही भाग जातो, हे पुढचे वाक्य राहिले. ‘ड’ स्निग्धात विरघळते, त्याला इलाज नाही.

मग दुधात ‘ड’ घालणे व्यर्थ का? नाही, आणि लेखात फिनलंडचे उदाहरण दिले ते योग्यच. तिथे 2003 पासून दुधात आणि लोण्यासारख्या पसरवून खाण्याच्या पदार्थांत ‘ड’ घालू लागले, आणि 2010 मध्ये दुधातले प्रमाण दुप्पट करून लिटरला 10 मायक्रोग्रॅमवर नेले. 2000 ते 2011 या काळात तिथल्या प्रौढांची सरासरी 48 वरून 65 वर गेली. पण ते लोक दूध भरपूर पितात, शिवाय त्याच काळात गोळ्या घेणारेही वाढले. आणि सरासरी सरकणे वेगळे, एका माणसाची कमतरता बरी होणे वेगळे. कमी दूध पिणाऱ्याच्या वाट्याला त्यातले फारसे काही येत नाही.

त्या 65 वरूनच दुसरी तक्रार. लेखात आकडा छापला आणि एकक छापले नाही. तो आकडा नॅनोमोल प्रति लिटरमधला आहे. आपल्या प्रयोगशाळा बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये अहवाल देतात, आणि त्या मापात 65 म्हणजे 26. अडीचने भागायचे, एवढेच. काल ज्याचा अहवाल 24 आला असेल त्याने लेख वाचून स्वतःला फिनलंडच्या निम्म्याहूनही खाली धरले असेल. प्रत्यक्षात तो त्यांच्या बरोबरीला आहे.

याहून गंभीर चूक चौकटीत आहे. तिथे दुधातले ‘ड’ लिटरमागे ‘5 मिलिग्रॅम’ असे छापले आहे. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये हजार पटींचा फरक असतो, आणि लिटरला 5 मिलिग्रॅम म्हणजे दोन लाख युनिट. असे दूध जगात खरेच विकले गेले आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका डेअरीत ‘ड’ मोजून न घालता ओतले जात होते. तिथल्या एका नमुन्यात क्वार्टमागे, म्हणजे लिटरहून थोड्या कमी दुधात, सव्वादोन लाखांहून अधिक युनिट सापडले. असायला हवे होते सुमारे 400. त्याच डेअरीच्या काही नमुन्यांत मात्र ‘ड’ जवळपास नव्हतेच. भूक मेलेली, वजन घटलेले, अशक्तपणा, बद्धकोष्ठता आणि रक्तात कॅल्शियम वाढलेले असे आठ रुग्ण 1992 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. त्याच वर्षी अमेरिकेत इतर कंपन्यांचे दूध तपासले तेव्हा बहुतेक नमुन्यांत वेष्टनावर लिहिल्यापेक्षा ‘ड’ बरेच कमी निघाले, आणि साय काढलेल्या काही दुधांत शून्य. म्हणजे पिशवीवरचा आकडाही डेअरीतल्या मोजमापाइतकाच खरा.

तेव्हा कृपया चौकटीतल्या ‘मिलि’च्या जागी ‘मायक्रो’ करणारे शुद्धिपत्र छापावे. ते मागच्या वेळेसारखे शब्दकोड्याखाली न टाकता त्याच पुरवणीत, त्याच पानावर यावे, कारण चौकट कापून फ्रिजवर लावणारे वाचक शब्दकोडे सोडवतातच असे नाही.

आपला,
एक आहारशास्त्राचा शिक्षक