सिग्नल दुप्पट केल्याने वेग दुप्पट होत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंटरनेटच्या वेगावरील आपल्या लेखात ‘सिग्नल दुप्पट केला की वेगही दुप्पट होतो’ असे विधान आहे. दूरसंचारात नोकरी केलेल्या माणसाला ते खटकते, म्हणून हे पत्र.

१९४८ मध्ये क्लॉड शॅनन यांनी मांडलेले सूत्र असे:

C = B log2(1 + S/N)

येथे C ही दर सेकंदाला बिटांमध्ये मोजलेली कमाल वहनक्षमता, B ही हर्ट्झमधील बँडविड्थ, म्हणजे वापरलेल्या वारंवारतांच्या पट्ट्याची रुंदी, आणि S/N हे सिग्नल व नॉइज, म्हणजे त्यात मिसळणारी नको ती खरखर, यांच्या शक्तींचे गुणोत्तर. S/N लॉगरिदमच्या आत दडलेले आहे, आणि लेखातील गफलत नेमकी तिथेच आहे.

साध्या टेलिफोन लाइनचे उदाहरण घेऊ. आवाजासाठी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा ठेवलेला असल्याने B ३१०० होते. गुणोत्तर ३० डेसिबल, म्हणजे १००० पट धरले, तर १००१ चा दोन पाया असलेला लॉगरिदम सुमारे ९.९७ येतो (दोनाचा दहावा घात १०२४, हे आठवले की आकडा पटतो) आणि क्षमता सेकंदाला सुमारे ३०,९०० बिट भरते. आता सिग्नलची शक्ती दुप्पट करा: लॉगरिदम जेमतेम एकाने वाढतो आणि क्षमता ३४,००० पर्यंत, म्हणजे फक्त दहा टक्क्यांनी वाढते. उलट शक्ती तीच ठेवून बँडविड्थ दुप्पट केली, तर रुंद पट्ट्यातून नॉइजही दुप्पट आत येतो, गुणोत्तर ५०० वर उतरते, तरीही क्षमता सुमारे ५५,६०० होते. म्हणजे बँडविड्थ वाढवल्यानेही वेग पुरता दुप्पट होत नाही, पण शक्ती वाढवण्यापेक्षा तो मार्ग कितीतरी फायद्याचा ठरतो.

पावसाळ्यात केबलच्या जोडात पाणी शिरून गुणोत्तर २० डेसिबलवर आले, तर हीच क्षमता सुमारे २०,६०० उरते. मोडेम मग आपोआप खालच्या वेगावर जोडला जाई. फोनवर खरखर आणि स्क्रीनवर घटलेला आकडा एकत्र दिसले, की जोड तपासावा हे लाइनमनला सांगावे लागत नसे.

‘मग ५६ हजारांचे मोडेम कसे चालले?’ असे कोणी विचारील. त्यात इंटरनेट पुरवठादाराची बाजू एक्स्चेंजला डिजिटल पद्धतीनेच जोडलेली असल्याने ग्राहकाकडे येणाऱ्या दिशेत अॅनालॉगचे डिजिटल करतानाचा नॉइज टळत असे आणि गुणोत्तर सुधारत असे. ग्राहकाकडून जाणाऱ्या दिशेत मात्र तो टळत नसल्याने तिथला वेग सुरुवातीच्या मोडेममध्ये ३३,६०० वरच थांबला. पुढे फोनच्याच तारेवरून वेगवान इंटरनेट देणारे डीएसएल तंत्र आले तेव्हा घरापर्यंतची तांब्याची तार तीच राहिली. ३४०० हर्ट्झची मर्यादा तारेची नव्हे, तर एक्स्चेंजमधील उपकरणांची होती, आणि त्यांना वळसा घालून एडीएसएल या डीएसएलच्या प्रकाराने सुमारे ११ लाख हर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरला.

आपला विश्वासू,
एक निवृत्त दूरसंचार अभियंता, नाशिक