दुबईची लेन्स, भारतातली किंमत आणि पावतीतला एक कोरा रकाना

पुणे, 12 डिसेंबर 2024

मा. केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद आहे. ऑक्टोबरमध्ये मुलाकडे दुबईला गेलो होतो, तिथे एक लांब पल्ल्याची लेन्स घेतली. 4,400 दिरहमला, सेलमध्ये. परतताना ती जाहीर करायला रेड चॅनेलला गेलो. ग्रीनमधून सरळ निघून जा, असा सल्ला देणारे बरेच भेटले होते, पण माल लपवताना सापडला तर तो जप्त होतो, वर दंड बसतो. शिवाय माझा हिशेब साधा होता. दिरहम सोयीसाठी 23 रुपये धरला तर लेन्स 1,01,200 रुपयांची. 50,000 माफ. उरलेल्या 51,200 वर 35 टक्के ड्युटी आणि त्या ड्युटीवर 10 टक्के अधिभार, म्हणजे एकूण 38.5 टक्के. 19,712 रुपये होतात. पत्नी सोबत होती, पण दोघांची सवलत एका वस्तूवर जोडून मिळत नाही हे ठाऊक होतं, म्हणून तो विषयच काढला नाही.

पहाटेचे अडीच वाजले होते. काउंटरवरच्या अधिकाऱ्यांनी बिल उलटंपालटं करून पाहिलं, मग मोबाइलवर भारतातल्या एका विक्री संकेतस्थळावरची किंमत काढली : 1,48,000. म्हणाले, "काका, हीच व्हॅल्यू धरणार." ड्युटी झाली 37,730 रुपये. सरळ 18,018 रुपये जास्त.

त्यांचा संशय मी समजू शकतो. "बिल कितीचं लिहू?" असं विचारणारे दुकानदार मी स्वतः पाहिलेत, तेव्हा प्रत्येक बिल खरं मानायचं म्हटलं तर खजिना रिकामा होईल. माझं गाऱ्हाणं पुढच्या पायरीबद्दल आहे. बिल बाजूला ठेवल्यावर तुलना कशाशी करायची?

भारतातल्या त्या 1,48,000 मध्ये 18 टक्के जीएसटी धरलेला असतो. तो एकटाच साधारण 22,500 रुपयांचा. आयातदाराचा खर्च आणि दुकानाचा नफाही त्यातच. म्हणजे मी कराच्या रकमेवर पुन्हा कर भरला. भारतातल्या विक्रीकिमतीवरून मूल्य काढायची पद्धत आपल्याच 2007 च्या मूल्यांकन नियमांत आहे, सातव्या नियमात. पण तिथे आधी भारतातले कर, नफा आणि इथला वाहतूक खर्च वजा करायला सांगितलं आहे. काउंटरवर ही वजाबाकी कुणी केली नाही.

माझ्याकडे आणखी एक कागद होता. पर्यटकाला दुबईतून निघताना व्हॅटचा परतावा मिळतो, आणि त्यासाठी तिथल्या विमानतळावर खरेदीची नोंद तपासून घ्यावी लागते. त्या पावतीवर तीच किंमत होती. दुकानाचं बिल खोटं असू शकेल, पण परदेशातल्या कर यंत्रणेतली नोंद तरी पुरावा म्हणून पाहायला हरकत नव्हती. "ते आमच्याकडे चालत नाही," एवढंच उत्तर मिळालं.

बारावा नियम सांगतो की जाहीर केलेलं मूल्य नाकारलं, तर मागणी केल्यावर त्याची कारणं लेखी द्यायची. मी मागणी केली. मागे रांग वाढत होती, पत्नी बॅगेवर बसून पेंगत होती. शेवटी पैसे भरले आणि पावतीच्या प्रतीवर "हरकत नोंदवून भरले" असं हाताने लिहिलं. पावतीवर मूल्य आहे, ड्युटी आहे, पण मूल्य कुठून आलं ते नाही.

अपिलाची वाट आहे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 128 खाली साठ दिवसांत आयुक्तांकडे (अपील) जाता येतं. तिथेही हरलो तर बॅगेजचं प्रकरण न्यायाधिकरणाकडे जात नाही, केंद्र सरकारकडेच फेरतपासणीसाठी जातं. वकिलांची फी ऐकली आणि अठरा हजार सोडून द्यावेत असं क्षणभर वाटलं. बहुतेक लोक तेच करत असणार. मी अपील स्वतः लिहायला घेतलं, तर पहिल्याच परिच्छेदाला अडलो : 'मूल्य नाकारण्याची कारणं.' ती कुठे लिहिलेलीच नाहीत, तर खोडून काय काढू?

म्हणून मागणी एवढीच. बॅगेजच्या पावतीवर एक रकाना वाढवा : मूल्याचा आधार. बिल मानलं की नाही, नसेल तर का, कोणत्या बाजारातली किंमत घेतली आणि त्यातून कर वजा केला का. चार ओळी पुरतील. अधिकाऱ्यांची दोन मिनिटं जास्त जातील हे मान्य, पण ते मोबाइलवर किंमत शोधायला तेवढा वेळ देतातच.

बिल, व्हॅट परताव्याची पावती आणि ड्युटीची पावती, तिन्हींच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. माझे साठ दिवस 19 डिसेंबरला संपतात.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी