तातडीचा निधी तातडीने मिळावा

महोदय,

कालच्या अंकात महाविद्यालयांच्या बिनव्याजी मदतनिधीची बातमी वाचली, धनादेश देतानाचा फोटोही पाहिला. असा निधी उभा केल्याबद्दल संस्थाचालकांचे अभिनंदन. पण तो धनादेश परीक्षेचा अर्ज भरण्याआधी मिळाला की मुदत टळल्यावर, एवढे तरी आपल्या बातमीदाराने विचारायला हवे होते.

माझी भाची बेळगावातल्या एका कॉलेजात बी.कॉम.ला आहे. दाजी उद्यमबागेत फाउंड्रीत कंत्राटी कामाला. गेल्या वर्षी ओतकाम चालू असताना तापलेला रस त्यांच्या पायावर सांडला आणि ते घरी बसले. काम नाही तर पगार नाही. नेमकी तेव्हाच परीक्षेच्या अर्जाची वेळ आली. राहिलेली फी आणि परीक्षा शुल्क मिळून साडेचार हजार भरायचे होते. ऑफिसात विचारल्यावर तातडीच्या कर्जाचा अर्ज मिळाला.

त्या अर्जाला काय काय जोडायचे? रेशन कार्डाची झेरॉक्स, हजेरीचा दाखला, विभागप्रमुखांची शिफारस, उत्पन्नाचा दाखला आणि दोन जामीनदार. जामीनदार पर्मनंट नोकरीतले हवेत, पगाराच्या स्लिपसह. मी शहापुरात साड्यांच्या दुकानात कामाला आहे, पगार रोख मिळतो. मी सख्खा मामा सही करायला समोर उभा, आणि क्लार्कने कागद परत सरकवला. ज्यांच्या घरी अशी वेळ येते, त्यांच्या नात्यागोत्यात स्लिपवाले किती असतात?

उत्पन्नाच्या दाखल्याची गोष्ट तर याहून वाईट. नाडकचेरीत अर्ज, मग तलाठ्याची चौकशी, मग सर्कलचा शेरा, मग तहसीलदारांची मंजुरी. यात दिवस जातातच. पण दाखल्यावर आकडा आला तो दाजी धडधाकट होते तेव्हाच्या कमाईचा. समितीत कुणीतरी म्हणाले, उत्पन्न तर बरे दिसते! पाय भाजून माणूस खाटेवर पडलाय हे उत्पन्नाच्या दाखल्यात कुठून दिसणार? ते दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहिलेले होते, तारखेसकट. पण ते कार्ड यादीत नव्हते, म्हणून कुणी हातात घेतले नाही.

समिती महिन्यातून एकदा बसते. तीन हजार मंजूर झाले, तोवर मुदत संपून गेली होती. बहिणीने कानातली फुले गहाण ठेवून दंडासकट पैसे भरले. दंड गेला आणि वर गहाणवटीचे व्याज. बिनव्याजी कर्ज आम्हाला असे पडले.

पैसे परत येणार नाहीत ही कॉलेजची भीती खोटी नाही. निधी साठ हजारांचा असेल आणि प्रत्येकाला तीन हजार दिले, तर वीस मुलांत तो संपतो. त्यांनी परत केले तरच पुढच्या सेमिस्टरच्या मुलांना मिळणार. पण नो ड्यूज झाल्याशिवाय टीसी देत नाहीत, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असते. मग जामीनदार कशाला? शिवाय रक्कम मुलांच्या हातात द्यायचीही गरज नाही, कॉलेजने ती थेट फीच्या खात्यात वळती करावी. राज्य सरकारच्या एसएसपी पोर्टलवरची शिष्यवृत्ती बहुतेक वेळा परीक्षा शुल्क भरून झाल्यावर जमा होते आणि बँक खात्याला आधार जोडलेले नसेल तर आणखी अडकते. परतफेडीची तारीख त्या हिशेबाने धरावी, दरमहा हप्ता लावू नये.

पाच हजारांपर्यंतचा निर्णय प्राचार्यांनी वर्गशिक्षकांच्या एका सहीवर दोन दिवसांत घ्यावा आणि बाकीचे कागद मागाहून घ्यावेत. खोटे निघाले तर वसूल करा, आमची हरकत नाही. आणि ज्या घरातला कमावता माणूसच गेला, तिथे कर्ज देऊच नये, सरळ मदत द्यावी. ते पोर परतफेड कुठून करणार?

जाता जाता आणखी एक. या निधीची नोटीस ऑफिसबाहेरच्या काचेच्या बोर्डावर फक्त कन्नड आणि इंग्रजीत लावली होती. भाची मराठी शाळेतून शिकलेली, तिला ती मैत्रिणीने वाचून सांगितली. खानापूर तालुक्यातून रोज बसने येणारी कितीतरी मुले मराठी माध्यमातली आहेत. फी भरायची ताकीद त्यांना वर्गात येऊन तोंडी दिली जाते. मदत मिळते हेही तसेच वर्गात येऊन सांगावे आणि बोर्डावर खाली चार ओळी मराठीत लिहाव्यात. येत्या सेमिस्टरचे अर्ज सुरू होण्याआधी एवढे झाले तर बरे.

आपला,
एक वाचक, वडगाव, बेळगाव