पॉइंटवरच्या तिकिटावर ‘कर’ म्हणून घेतलेल्या 80,400 रुपयांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
प्रवासी पॉइंट योजना

कोथरूड, पुणे
12 जानेवारी 2026

विषय : अवॉर्ड तिकिटावरील सरचार्ज ‘कर’ या नावाखाली दाखवल्याबद्दल

महोदय,

पुण्याहून लंडनला थेट विमान नाही, म्हणून आपल्या योजनेतून मुंबई–लंडन–मुंबई असे बिझनेस क्लासचे परतीचे तिकीट काढले. परतीचा प्रवास 20 फेब्रुवारीला आहे. या तिकिटासाठी 90,000 पॉइंट खर्च झाले आणि त्याखेरीज कार्डावरून 80,400 रुपये गेले. पैसे भरण्याच्या पानावर या रकमेपुढे ‘कर व शुल्क’ एवढेच शब्द होते. आपल्या कस्टमर केअरनेही “हे सगळं सरकारला जातं” असे उत्तर दिले. ते खरे नाही, आणि आपल्याच ई-तिकिटावरून ते सिद्ध होते.

ई-तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरांत ही रक्कम कोडनुसार फोडलेली आहे:

```
YQ      40000
K3       7200
GB      25300
UB       6000
IN/P2    1900
```

यातला GB हा ब्रिटिश सरकारचा प्रवासी कर आहे. तो ब्रिटनमधून निघतानाच लागतो, तिथे उतरताना नाही. भारताइतक्या अंतराला सध्या इकॉनॉमीसाठी तो 90 पौंड आहे आणि बिझनेससाठी 216 पौंड. UB हे लंडनच्या विमानतळाचे शुल्क आणि शेवटची ओळ मुंबईच्या विमानतळाची. या तीन ओळींचे 33,200 रुपये आपण फक्त गोळा करून पुढे देता, त्यांबद्दल तक्रार नाही.

YQ मात्र कोणत्याही सरकारचा कर नाही. तो विमान कंपनीने स्वतः लावलेला सरचार्ज आहे. त्याला इंधनाचे नाव दिले जाते, पण तो किती असावा हे कंपनीच ठरवते. K3 म्हणजे जीएसटी. तो सरकारला जातो हे मान्य, पण कशावर लागला ते पाहा: बिझनेस क्लासचा दर 18 टक्के, आणि 40,000 चे 18 टक्के बरोबर 7,200. पॉइंटमुळे मूळ भाडे शून्य झाले आहे, म्हणजे हा जीएसटी आपल्या सरचार्जवरच बसला. सरचार्ज नसता तर हे दोन्ही मिळून 47,200 रुपये लागलेच नसते.

रोखीने तिकीट घेणाऱ्याला याने फारसा फरक पडत नाही. भाडे किती आणि YQ किती, याची वाटणी कशीही केली तरी तो एकूण आकडाच पाहतो. पॉइंट मात्र फक्त मूळ भाडे भागवतात. त्यामुळे भाड्यातला भाग उचलून YQ मध्ये टाकला की पॉइंटचा तक्ता तसाच राहतो आणि पॉइंटची किंमत गुपचूप उतरते. अनेक वर्षे जमवलेल्या पॉइंटच्या बाबतीत असे होणे चीड आणणारे आहे.

सगळ्यात मोठे नुकसान याच्याही आधी होते. खात्यात पुरेसे पॉइंट नसतील तर आपली वेबसाइट फक्त ‘90,000 पॉइंट’ दाखवते, रुपयांचा आकडा दाखवत नाही. तो पाहायचा तर आधी क्रेडिट कार्डाचे पॉइंट आपल्याकडे वळवावे लागतात, आणि एकदा वळवलेले पॉइंट बँकेकडे परत जात नाहीत. म्हणजे ग्राहकाला किंमत कळते ती माघारीची वाट बंद झाल्यावर. आधी कळली असती तर YQ न लावणाऱ्या एखाद्या भागीदार कंपनीचे विमान शोधता आले असते. लंडनहून रेल्वेने पॅरिसला जाऊन तिथून परतीचे विमान घेतले असते, तर निदान GB ची ओळ तरी गेली असती. (तिथून आपलेच विमान घेतले असते तर YQ तसाच राहिला असता, हेही इथे नोंदवतो.)

म्हणून मागणी अशी की, YQ चे 40,000 आणि त्यावरील जीएसटीचे 7,200 परत करावेत. ते शक्य नसेल तर रद्द करण्याचे शुल्क न घेता तिकीट रद्द करून 90,000 पॉइंट आणि पूर्ण 80,400 रुपये परत द्यावेत. रद्द केल्यास सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत देणे डीजीसीएच्या नियमानुसार आपल्याला बंधनकारकच आहे. ‘कर’ या एकाच शब्दाखाली घेतलेल्या रकमेतून YQ तेवढा मागे ठेवला, तर तो मान्य होणार नाही.

यापुढे शोधाच्या पहिल्याच पानावर, खात्यात एकही पॉइंट नसला तरी, रुपयांतली पूर्ण रक्कम दिसावी आणि सरचार्जची ओळ करांपासून वेगळी असावी.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास एअरसेवा पोर्टलवर आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवली जाईल.

आपला,
योजनेचा सदस्य

सोबत : ई-तिकिटाची प्रत, पैसे भरण्याच्या पानाचा स्क्रीनशॉट, कार्डाच्या स्टेटमेंटचे पान