पाडव्याच्या सकाळी कान तपासायला जायचं कुठे?

प्रति,
मा. आरोग्य अधिकारी,
पुणे महानगरपालिका

स.न.वि.वि.

मी पेठेत काम करणारी श्रवणतज्ज्ञ आहे. दिवाळीत फटाके वाजू नयेत असं सांगायला हे पत्र लिहीत नाही. ते बऱ्याच जणांनी सांगून झालंय आणि आमच्या गल्लीला त्याचा फरक पडलेला नाही. माझं म्हणणं फटाका वाजून गेल्यानंतरच्या दोन-तीन दिवसांबद्दल आहे, कारण ते दिवस आपल्या खात्याच्या हातात आहेत.

गेल्या दिवाळीनंतर कसब्यातला सोळा वर्षांचा एक मुलगा आईबरोबर आला. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सुतळी बॉम्बची वात विझल्यासारखी वाटली, म्हणून तो बघायला वाकला आणि बॉम्ब फुटला. कान बॉम्बपासून हातभर अंतरावर, बाजूला वाड्याची भिंत. लगेच उजव्या कानात बारीक, अखंड 'कुईं' सुरू झालं आणि कानाला दडे बसले. भाजलं नव्हतं, रक्त नव्हतं, दुखतही फारसं नव्हतं. आजीने लसणीचं कोमट तेल घातलं. पाडव्याला कानाचा एकही दवाखाना उघडा मिळाला नाही. भाऊबीजेला एका ठिकाणी कानात न बघताच थेंब देऊन 'उतरेल दोन दिवसांत' असं सांगितलं. पुढे शनिवार-रविवार आला. माझ्यापुढे तो बसला तेव्हा अकरावा दिवस होता.

त्याचा ऑडिओग्राम काढला, म्हणजे कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा केल्यावर ऐकू येतो याचा आलेख. डावा कान स्वच्छ. उजव्या कानाला खालच्या पट्टीतले आवाज बरे ऐकू येत होते, पण वर जावं तशी रेषा घसरत 2000 हर्ट्झला 50 आणि 4000 हर्ट्झला 70 डेसिबलपर्यंत उतरलेली. स्फोटाच्या आवाजाने दुखावलेल्या कानात बहुधा 3000 ते 6000 हर्ट्झच्या आसपास असा खड्डा दिसतो. 'स', 'श', 'फ' ही अक्षरं याच वरच्या पट्टीवर अवलंबून असतात. म्हणून अशी माणसं 'ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत' म्हणतात.

आता 'पण बॉम्ब तर परवानगीतला होता' या उत्तराबद्दल. नियमातली 145 डेसिबलची कमाल मर्यादा फुटल्या जागेपासून 4 मीटरवर मोजलेली असते. उघड्यावर अंतर निम्मं झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो. 4 मीटरवरून 2, मग 1, मग अर्धा मीटर, म्हणजे 18 डेसिबलची वाढ. कागदावर 145 असलेला फटाका वाकलेल्या मुलाच्या कानाशी 163 च्या घरात जातो, आणि अरुंद बोळातल्या भिंती तो परत फेकतात ते वेगळंच. जागतिक आरोग्य संघटनेने अशा क्षणिक आवाजासाठी मोठ्यांना 140 आणि मुलांना 120 ही सीमा सांगितली आहे.

दडे बसणं हे एकच लक्षण दोन अगदी वेगळ्या इजांत दिसतं, आणि सगळा गोंधळ इथेच होतो. एकात हवेच्या दाबाने पडदा फाटतो. तेव्हा बहुधा दुखतं, कधी थोडं रक्त येतं. असा पडदा बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरतो, फक्त कान कोरडा ठेवायचा आणि आत काहीही घालायचं नाही. दुसऱ्यात पडदा शाबूत असतो, पण आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या नाजूक पेशी दुखावतात. त्यातल्या नुसत्या थकलेल्या पेशी काही तासांत किंवा दिवसांत सावरतात. मेलेल्या पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाहीत. घाई याच इजेत करावी लागते, आणि नेमकी हीच दुखत नाही, त्यामुळे घरचे निर्धास्त राहतात. क्वचित दोन्ही इजा एकदम होतात.

यातली कोणती, याचा पहिला अंदाज घरीच घेता येतो. तोंड मिटून 'म्म्म' असा लांब हुंकार द्यायचा. एकाच कानाला दडे असतील आणि हुंकार त्याच कानात मोठा घुमला, तर अडथळा पडद्याच्या किंवा मधल्या कानाच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. तो चांगल्या कानाकडे गेला, तर आतल्या कानाची शंका घ्यायची. त्या मुलाचा हुंकार डावीकडे गेला. दवाखान्यात हेच काम 512 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेतला नादकाटा, अधिक नीट करतो. त्याची मर्यादाही सांगते. दोन्ही कान सारखेच दुखावले असतील तर तो फसवतो. खड्डा फक्त 4000 हर्ट्झला असेल तर नादकाटा त्याला पकडतच नाही. म्हणून 'हुंकार मधोमध आला, म्हणजे ठीक' असं धरायचं नाही. शेवटी ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावरची श्रवणचाचणी, लागतेच.

त्या संध्याकाळी घरच्यांनी करायचं ते थोडकंच आहे. मुलाला आवाजापासून लगेच दूर न्यायचं आणि पुन्हा फटाक्यांत सोडायचं नाही. पुढचे काही दिवस इअरफोन बंद. तेल, थेंब, पाणी, कापसाची काडी यातलं काहीही कानात नको. नाक जोरात शिंकरू नये. रक्त आलं, चक्कर आली, खूप दुखलं किंवा एका कानाने जवळजवळ काहीच ऐकू येईना, तर त्याच दिवशी दाखवायचं. बाकीच्यांनी रात्र जाऊ द्यावी. सकाळीही दडे किंवा कुईं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि ऑडिओमेट्री, तेही त्याच दिवशी.

घाई अशासाठी, की आतल्या कानाची इजा दिसली तर डॉक्टर बऱ्याचदा स्टेरॉइडचा छोटा कोर्स देतात, पोटातून किंवा पडद्यातून इंजेक्शनने. त्याचा उपयोग व्हायचाच असेल तर तो पहिल्या काही दिवसांत. दोन आठवड्यांनंतर फारशी आशा उरत नाही. खात्री तर पहिल्या दिवशीही नसते. अचानक बहिरेपणात या औषधाचा जितका पुरावा आहे, तितका स्फोटाच्या इजेत नाही. मधुमेह असेल तर साखर चढते, म्हणून दुकानातून परस्पर घ्यायचं औषध हे नव्हे. त्या मुलाला अकराव्या दिवशी औषध सुरू झालं. खालच्या पट्टीत थोडी सुधारणा झाली, 4000 चा खड्डा तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी आला असता तर भरला असता का, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण संधी तरी मिळाली असती.

म्हणून मागणी लहान आहे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवसापासून चार दिवस, सुट्टी असली तरी, महापालिकेच्या एका रुग्णालयात सकाळी 9 ते 1 ऑडिओमेट्री आणि एक कान-नाक-घसा डॉक्टर उपलब्ध असावा. महापालिकेच्या प्रत्येक दवाखान्यात एक ट्यूनिंग फोर्क आणि कानात बघायचा ओटोस्कोप असावा. पडदा न बघता थेंब देऊ नयेत, एवढं एका पानाचं पत्रक डॉक्टरांना आणि औषध दुकानांना दिवाळीआधी पोचावं. फटाक्यांच्या स्टॉलना आपण परवानगी देतोच. त्याच कागदाबरोबर त्या रुग्णालयाचा पत्ता आणि वेळ लिहिलेला फलकही द्यावा, आणि तो सुतळी बॉम्बच्या खोक्यांशेजारी लावायला सांगावा.

त्या चार सकाळी ऑडिओमेट्रीला माणूस कमी पडत असेल, तर मी विनामोबदला बसेन. ओळखीच्या दोघी सहकारीही तयार आहेत.

कळावे,
एक श्रवणतज्ज्ञ
सदाशिव पेठ, पुणे